रेडीमेड ब्लाउजमध्ये काय बदलता येतं आणि काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताई, नमस्कार.

तुम्ही ठेवून गेलेला ब्लाउज मी उलटा करून पाहिला, आतल्या शिवणी मोजल्या. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत. रेडीमेड ब्लाउज घेऊन येणाऱ्या बहुतेक जणी मला हेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते आहे. तुमच्या ब्लाउजचा हिशेबही यातच आहे. तो वाचून मगच सांगा, काम करायचं की ब्लाउज परत करायचा.

रेडीमेड ब्लाउज अंगाला येत नसेल तर तो मापात बसवता येतो का?

बहुतेक वेळा येतो, पण कुठे बसत नाही त्यावर सगळं अवलंबून आहे. घेर जास्त असेल तर आत घेता येतो. घेर कमी असेल तर शिवणीच्या आत जेवढी माया सोडलेली असेल तेवढाच वाढतो. लांबी कमी करता येते, बाही आखूड करता येते, गळा खोल करता येतो. पण एकदा कापून गेलेलं कापड परत येत नाही. त्यामुळे खोल गळा वर आणणं, खाली उतरलेला मुंढा वर घेणं किंवा अरुंद कापलेला खांदा रुंद करणं नुसत्या उसवण्या-शिवण्याने होत नाही. तिथे जोड द्यावा लागतो, आणि तो जोड दिसला तर चालेल का हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून कोणताही रेडीमेड ब्लाउज हातात आला की मी आधी तो उलटा करते. टॅगवरचा नंबर नंतर बघते.

आत माया किती आहे हे मला घरी कसं कळेल?

ब्लाउज उलटा करा आणि बगलेपासून खालच्या पट्टीपर्यंत जाणारी बाजूची शिवण बघा. शिवणीच्या दोऱ्यापासून कापडाच्या कडेपर्यंत जे कापड आहे ती माया. टेप लावून ती तीन ठिकाणी मोजा: बगलेत, छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी आणि खाली पट्टीजवळ. तिन्ही ठिकाणी ती सारखी असेलच असं नाही. बगलेत मुंढ्याची गोलाई येते, त्यामुळे तिथे बऱ्याचदा कमीच असते.

अस्तर असेल तर अस्तराची मायाही बघा. वरच्या कापडाला एक इंच सोडलेलं असतं आणि अस्तर मात्र शिवणीला लागूनच कापलेलं असतं, असे ब्लाउज येतात. अशा वेळी वरचं कापड उघडतं, अस्तर उघडत नाही, आणि सगळा ताण अस्तराच्या शिवणीवर येतो. मग अस्तराला बाजूने वेगळी पट्टी जोडावी लागते. ती आतच राहते, दिसत नाही, पण काम वाढतं.

शिवणीच्या कडेला दाट इंटरलॉक असेल आणि कड शिवणीपासून जेमतेम पाव इंचावर असेल, तर तो ब्लाउज सैल होणार नाही असंच धरून चाला. ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या ब्लाउजांमध्ये हे हमखास दिसतं. ते अंगावर ताणून बसायलाच केलेले असतात, म्हणून त्यांना माया ठेवत नाहीत.

कधी कधी बाजूला एकाला समांतर दोन-तीन शिवणी मारलेल्या दिसतील. आतली एक उसवली की ब्लाउज आपोआप थोडा सैल होतो. असा ब्लाउज मिळाला तर अर्धं काम तुम्ही स्वतः घरी करू शकता.

एक इंच माया असेल तर ब्लाउज किती सैल होतो?

इथे बऱ्याच जणींचा अंदाज चुकतो. कोणी म्हणतं एक इंच, कोणी म्हणतं चार इंच.

बाजूच्या शिवणी दोन, डावी आणि उजवी. प्रत्येक शिवणीत कापडाच्या दोन कडा, पुढच्या भागाची एक आणि पाठीची एक. म्हणजे एकूण चार कडा. प्रत्येक कडेवर शिवण जेवढी बाहेर सरकेल त्याच्या चौपट घेर वाढतो. मात्र सगळी माया वापरता येत नाही. नवीन शिवणीच्या बाहेर किमान तीन सूत कापड राहायलाच हवं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून कमी ठेवलं तर हात उचलताना कापडाचे धागे सरकतात आणि शिवणीजवळ विरळ जाळी दिसायला लागते. कापड सुळसुळीत किंवा विरळ विणीचं असेल तर मी अर्धा इंच ठेवते.

म्हणजे एक इंच माया असेल, अर्धा इंच ठेवला आणि अर्धा इंच उघडला, तर घेर २ इंच वाढला. माया पाऊण इंच असेल आणि तीन सूत ठेवलं, तर उरलेल्या तीन सुतांचे चौपट, म्हणजे दीड इंच.

दोन इंचांच्या पुढे मी सहसा जात नाही, माया असली तरी. कारण बाजूने वाढवलेला घेर बगलेखाली जातो, तर ब्लाउज घट्ट होतो तो पुढे, छातीच्या उभारावर. टक्समधला फुगार तेवढाच राहतो. मग ब्लाउज मापाने बसतो, पण पुढे चपटा दिसतो आणि बाजूला कापड जमा होतं.

माझ्या ब्लाउजचं काय? तो सैल होईल का?

होईल. हिशेब सांगते.

तुमच्या टॅगवर ३६ आहे. हूक लावून, ब्लाउज सपाट पसरून मी छातीच्या रेषेवर मोजला तर १८ इंच भरला, म्हणजे घेर बरोबर ३६. तुमचं अंगावरचं माप ३७.५ आहे. अस्तराचा, न ताणला जाणारा ब्लाउज अंगापेक्षा अर्धा ते एक इंच सैल हवा, नाहीतर श्वास घेतला की हूक ओढतात. म्हणजे मला ३८ हवेत. दोन इंच वाढवायचे आहेत, प्रत्येक कडेवर अर्धा इंच.

छातीच्या रेषेवर तुमच्या ब्लाउजला एक इंच माया आहे, अस्तरालाही तेवढीच. अर्धा इंच उघडला तरी अर्धा इंच उरतो. तिथे चिंता नाही.

खालचा घेर ३१ आहे आणि तुमचं त्या जागेचं माप ३२. तिथे प्रत्येक कडेवर तीन सूत उघडले की दीड इंच वाढतो आणि ३२.५ होतो. खाली मी मुद्दाम कमी उघडते आहे. खालचा घेर जास्त सैल ठेवला तर ब्लाउज अंगावर वर चढत राहतो, कारण त्याला धरून ठेवणारी जागा तीच असते.

अडचण बगलेत आहे. तिथे माया पाऊणच इंच आहे. तिथे तीन सूत उघडायचे आणि तीन सूत ठेवायचे. नवीन शिवण बगलेत तीन सुतांवरून निघेल, छातीवर चार सुतांपर्यंत जाईल आणि खाली पुन्हा तीन सुतांवर येईल. ही रेषा हळूहळू वळली पाहिजे. एकदम कोन आला तर बाहेरून तिथे खळगा दिसतो.

पण बगल उघडली की मुंढा मोठा होतो. पुढची कड तीन सूत आणि पाठीची कड तीन सूत, म्हणजे प्रत्येक मुंढा पाऊण इंच वाढला. आता त्यात बसणारी बाहीसुद्धा पाऊण इंच रुंद व्हायला हवी. तुमचा खरा प्रश्न बाहीचाच आहे.

बाही दंडाला घट्ट होते, ती सैल करता येईल का?

बाहीला शिवण एकच असते, कडा दोन. त्यामुळे इथे चौपट नाही, दुप्पटच मिळतं. तुमच्या बाहीच्या शिवणीत माया अर्धा इंच आहे. तीन सूत ठेवले तर एका कडेवर एकच सूत उघडतं, दोन्ही मिळून पाव इंच. मुंढ्याला पाऊण इंच हवा आहे. म्हणजे नुसतं उसवून भागणार नाही.

पण तुम्हाला बाही दोन इंच आखूडही करायची आहे आणि तिच्या टोकाला काठ नाही, साधं कापड आहे. कापून निघालेला तो दोन इंचांचा तुकडा मी टाकणार नाही. त्यातून प्रत्येक बाहीसाठी दीड इंच रुंदीची एक पट्टी निघते. ती बाहीच्या खालच्या शिवणीत, बगलेपासून बाहीच्या टोकापर्यंत बसते. दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत शिवणीत गेले की मधे पाऊण इंच दिसतो. मुंढा वाढला पाऊण इंच, बाही वाढली पाऊण इंच, दोन्ही जुळले. बाही ११.७५ वरून १२.५ होईल. तुमचा दंडघेर १२ आहे, त्यामुळे अर्धा इंच सैल राहील.

एक गोष्ट आधीच सांगते. त्या तुकड्यातून पट्टी काढायची तर तिचे धागे आडवे येतात आणि बाहीचे उभे आहेत. तुमच्या कापडाला चमक आहे, त्यामुळे हात पूर्ण वर केला तर पट्टीची चमक किंचित वेगळी दिसेल. हात खाली असताना ती दंड आणि अंग यांच्यामध्ये झाकली जाते. हे चालत असेल तरच कळवा.

बाहीच्या टोकाला काठ किंवा भरतकाम असतं तर हा उपाय नव्हता. तेव्हा काठ उसवून वर सरकवावा लागतो, किंवा बाही मुंढ्यातून पूर्ण काढून वरून कापावी लागते. वरून कापली की बाहीची गोलाई नव्याने आखावी लागते आणि ती मुंढ्याशी जुळवावी लागते. ते काम होतं, पण त्याला वेळ लागतो.

आणि हो, ब्लाउज बिनबाह्यांचा दिसत असेल तर आत नीट बघा. पुष्कळ रेडीमेड ब्लाउजांमध्ये बाह्यांचं कापड आत टाचून दिलेलं असतं. गिऱ्हाइकं ते शोभेचं समजून कापून टाकतात आणि मग त्याच कापडाचा जोड मागतात.

सैल केल्यावर जुन्या शिवणीची खूण राहील का?

कापडावर अवलंबून आहे. सुती कापडावर सुईची भोकं मिटतात. उसवल्यावर उलट बाजूने किंचित ओलं करून नखाने हलकं घासायचं आणि इस्त्री करायची, धागे परत जवळ येतात. रेशीम, साटीन आणि टिश्यूवर मात्र भोकं राहतात. कितीही वाफ दिली तरी एक बारीक ठिपक्यांची रेषा दिसते. ती बाजूला, हाताखाली असते, एवढंच त्यातलं समाधान.

दुसरी खूण रंगाची. ब्लाउज काही वेळा धुतलेला असेल तर बाहेरचं कापड थोडं विटलेलं असतं आणि आतली माया तशीच गडद. सैल केला की बाजूला गडद पट्टी उघडी पडते. तुमचा ब्लाउज कोरा आहे, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही.

मी सगळं उसवण्याआधी आतल्या बाजूला जेमतेम एक इंच शिवण उसवून बघते. भोकं किती दिसतात ते तिथेच कळतं. नको वाटलं तर तेवढीच परत शिवून ब्लाउज जसाच्या तसा देता येतो.

घट्ट करणं तरी सोपं असतं ना?

दीड-दोन इंचांपर्यंत हो. बाजूच्या जुन्या शिवणीच्या आत नवी शिवण मारायची, खालच्या पट्टीपासून बगलेपर्यंत आणि तशीच पुढे बाहीच्या टोकापर्यंत एका ओळीत. घालून बघायचं. बसला तर जुनी शिवण उसवायची. आधी उसवून मग शिवायला घेतलं तर कापड हलतं.

एक आग्रह मात्र धरा. आत घेतलेलं जास्तीचं कापड कापू देऊ नका. आत जाडसर वाटतं म्हणून काही जण ते छाटून देतात. पुढच्या वर्षी तोच ब्लाउज सैल करायची वेळ आली तर कापड उरलेलं नसतं. जाडी टोचत असेल तर माया दोन्ही बाजूंना उघडून हलक्या हाताने टाचून घ्यावी.

दोन इंचांहून जास्त आत घ्यायचं असेल तर फक्त बाजूने घेऊ नये. बाजूची शिवण पुढे सरकते, टक्स बगलेच्या फार जवळ येतात आणि ब्लाउज ओढल्यासारखा दिसतो. तेव्हा पाठीचे टक्स थोडे मोठे करून उरलेलं बाजूने घ्यायचं.

हूक सरकवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. पाव-अर्ध्या इंचाला तो चालतो. ब्लाउज सैल करण्यासाठी हूक कडेकडे सरकवले की खालची पट्टी कमी झाकते आणि दोन हुकांच्या मधून अंग दिसायला लागतं. अर्ध्या इंचापलीकडे मी सरकवत नाही.

खांदा उतरतो. पुन्हा पुन्हा वर ओढावा लागतो. काय करता येईल?

आधी कारण शोधावं लागतं, कारण उतरणाऱ्या खांद्याची दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आरशासमोर सरळ उभ्या राहा. खांद्याच्या शिवणीला चिमटीत धरून पाव इंच कापड वर उचला. गळा अंगाला टेकला आणि उतरणं थांबलं, तर खांद्याची उंची जास्त आहे. ही शिवण पाव ते अर्धा इंच वर घेता येते. पण याचे परिणाम ठाऊक असू द्या. टक्सची टोकं तेवढीच वर जातात, मुंढा लहान होतो आणि ब्लाउज थोडा आखूड होतो. मुंढा आधीच काचत असेल तर हा उपाय करू नये.

चिमटी घेऊनही उतरत असेल तर गळा रुंद कापलेला आहे. तो अरुंद होत नाही. तिथे पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे दोरी लावणं हाच खरा उपाय. दोरी खांद्यापासून साधारण दोन इंच खाली लावली की ती खांदे आत ओढून धरते. दोरी नको असेल तर पाठीच्या गळ्याच्या कडेला बारीक टक्स घेता येतो, पण कडेला पाइपिन किंवा भरतकाम असेल तर तो जाड होतो आणि दिसतो.

खांदाच रुंद असेल, म्हणजे बाहीची शिवण दंडावर येत असेल, तर बाही काढून खांदा आत कापून बाही परत बसवायची. हे रेडीमेडमधलं सगळ्यात मोठं काम. साध्या ब्लाउजवर मी ते करायला सांगत नाही.

गळा लहान करता येतो का?

नाही. खोल करता येतो. लहान करायचा तर आतून जाळीचं किंवा त्याच रंगाचं कापड लावून भरावा लागतो, नाहीतर कडेला रुंद लेस द्यावी लागते. दोन्ही दिसतात, म्हणून ते आधीपासूनच असावेत अशा बेताने करावे लागतात.

मुंढा काखेत काचतो. थोडा कापून मोठा करून द्याल का?

देईन, पण आधी काच कुठे बसतो ते दाखवा. पुढच्या बाजूला, छाती आणि दंड यांच्या सांध्यात काचत असेल तर तिथे गोलाई थोडी आत कोरली की भागतं. पाव इंचही पुरतो.

बहुतेक जणी मात्र खालून, काखेत कापायला सांगतात. तिथे पाव इंचाच्या पुढे मी जात नाही. मुंढा जेवढा खाली जाईल तेवढा हात वर करायला त्रास होतो. उभ्या उभ्या मोकळं वाटतं, पण हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो आणि खालची पट्टी छातीवर येते. खाली गेलेला मुंढा परत वर आणायला बगलेत चौबगला घालावा लागतो, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा. तेही कापड असेल तरच.

तुमच्या ब्लाउजचा मुंढा बगलेत उघडतोच आहे, त्यामुळे वेगळं कापायची गरज नाही.

टक्स चुकीच्या जागी येतात. ते हलवता येतात का?

साधा टक्सचा ब्लाउज असेल तर अर्ध्या इंचापर्यंत हलतात. टक्सचं टोक उभाराच्या मध्यबिंदूपासून साधारण एक इंच अलीकडे संपायला हवं. ते मध्यबिंदूवर किंवा त्याच्या पुढे गेलं तर तिथे टोकदार चिमटा दिसतो. टोक मागे घेणं सोपं आहे, चार टाके उसवून परत शिवायचे. मात्र शेवटचे टाके हळूहळू कडेला न्यावेत आणि दोऱ्याला गाठ मारावी. तिथे उलटी शिलाई मारली की टोक जाड होतं.

कटोरीच्या आणि प्रिन्सेस कटच्या ब्लाउजमध्ये टक्स नसतो, त्या जागी कापलेल्या तुकड्यांची शिवण असते. ती शिवण आत घेऊन फुगार थोडा कमी करता येतो. वाढवता जवळजवळ येत नाही. कारण गोल शिवण सपाट बसावी म्हणून तिच्या मायेला ठिकठिकाणी कात्रीने चिरा दिलेल्या असतात. शिवण बाहेर सरकवली की त्या चिरा बाहेर डोकावतात. असा ब्लाउज छातीला घट्ट असेल तर तो घेऊच नका, पुढचा नंबर घ्या.

आतले कप काढून टाकता येतात का?

येतात. खालची पट्टी थोडी उसवून अस्तराच्या आतून काढायचे. पण कप धरून कापलेल्या ब्लाउजमधून कप काढले की तेवढी जागा रिकामी होते आणि पुढे सुरकुत्या पडतात. आधी कप हाताने दाबून, घालून बघा. सुरकुत्या दिसल्या तर पातळ कप घालून घेणं बरं.

ब्लाउजची उंची वाढवता येते का?

खाली दुमड किती आहे ते बघा. एक-दीड इंच दुमड असेल तर ती उघडून आतून वेगळी पट्टी लावता येते, उंची साधारण इंचभर वाढते. वेगळी कमरपट्टी लावलेली असेल तर ती काढून रुंद पट्टी लावता येते, कापड जुळलं तर.

आखूड करायचा असेल तर अडचण नाही. फक्त शेवटच्या हुकाची जागा बदलते हे लक्षात ठेवा. आणि खालची कड वर गेली की तिथे ब्लाउजचा घेर जास्त असतो, म्हणून बाजूनेही थोडं आत घ्यावं लागतं.

खडे आणि मण्यांचं काम असलेला ब्लाउज उसवता येतो का?

शिवणीत मणी आले असतील तर मशीनची सुई मोडते. म्हणून नव्या शिवणीच्या रेषेवरचे आणि दोन्ही बाजूंचे मणी आधी बारीक पक्कडीने फोडून काढावे लागतात. दोरा कापायचा नाही, नाहीतर अख्खी ओळ सुटते. सैल करताना वेगळाच त्रास असतो: काम बहुतेकदा शिवणीपर्यंतच केलेलं असतं, आतल्या मायेवर नसतं. उघडलं की बाजूला कोरी पट्टी दिसते. ती हाताने भरून घेता येते, पण तेवढा वेळ हाताशी असेल तरच काम द्या.

ट्रायलला येताना काय करू?

ब्लाउज ज्या आतल्या कपड्यांवर घालणार तेच घालून या. ते बदलले की छातीचं मापही बदलतं आणि टक्सची जागाही. धुण्याचं कापड असेल तर आधी एकदा धुऊन, इस्त्री करून द्या. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड आटत नाही. बदल करून झाल्यावर आटलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. तुमच्या ब्लाउजच्या आतल्या लेबलवर ड्रायक्लीन लिहिलंय, त्यामुळे तुम्ही धुऊ नका.

मी आधी नवीन शिवण कच्च्या धावदोऱ्याने घालून ठेवेन. तुम्ही हूक लावून नुसत्या उभ्या राहू नका. बसा, दोन्ही हात वर करा, मागे वाकून केस बांधल्यासारखं करा. हुकांच्या मधे आडव्या सुरकुत्या आल्या तर छातीला अजून कमी आहे. बगलेतून टक्सकडे तिरकी सुरकुती आली तर बाहीची पट्टी मला थोडी हलवावी लागेल. कच्च्या धाग्यावर हे दहा मिनिटांत होतं. मशीन फिरल्यावर होत नाही, आणि तुमच्या कापडावर भोकांची दुसरी रेषाही नको.

बाहीच्या पट्टीला होकार असेल तर कळवा, म्हणजे बाही कापायला घेते. तोवर ब्लाउज उसवलेला नाही, दुकानाचा टॅगही तसाच ठेवला आहे.